४ जूनचा बाजार मराठीत कसा सांगायचा?

४ जून २०२४ हा लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस होता. आदल्या दिवशी, सोमवारी, मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर सेन्सेक्स २,५०७ अंशांनी वधारून ७६,४६९ या विक्रमी पातळीवर बंद झाला होता. मंगळवारी सत्ताधारी पक्षाला स्वबळावर बहुमत मिळत नाही असे दिसू लागले आणि विक्रीचा मारा सुरू झाला. दुपारी सेन्सेक्स एका क्षणी सहा हजारांहून अधिक अंश गमावून ७०,२३४ पर्यंत उतरला. तिथून थोडा सावरून दिवसअखेर तो ४,३९० अंशांच्या घसरणीसह ७२,०७९ वर बंद झाला. बुधवारी त्यातले २,३०३ अंश परत मिळाले, आणि शुक्रवारी तर त्याने सोमवारचा विक्रमही मोडला.

पाच दिवसांच्या या कथेत बाजाराच्या भाषेला लागणारे जवळजवळ सगळे शब्द येऊन गेले. दुपारी साडेतीनला व्यवहार थांबले की वृत्तसंस्थांचा इंग्रजी गोषवारा येतो, आणि त्याचे मराठी करायला उपसंपादकाच्या हातात फार वेळ नसतो. त्या घाईत ४ जूनसारख्या दिवशी असे काहीसे वाक्य सहज तयार होऊ शकते: ‘सोमवारच्या रॅलीनंतर आज बाजारात अस्थिरता राहिली आणि निफ्टीमध्ये मोठी सुधारणा होऊन ती १,३७९ गुणांनी खाली आली.’ हे वाक्य मी मुद्दाम रचले आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द मराठी बाजारवार्तांमध्ये कधी ना कधी भेटणारा आहे. शब्दकोशात पाहिले तर यातला एकही शब्द चूक ठरणार नाही. तरीही वाचणाऱ्याला यातून चुकीचे चित्र मिळते. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी ‘रॅली’ म्हटले की मराठी माणसाला गुलाल आणि उघडी जीप दिसते. ‘अस्थिरता’ म्हटले की सरकार टिकेल का, हा प्रश्न डोळ्यांपुढे येतो. आणि ‘सुधारणा’ झाली तर मग खाली काय आले, हे कोडे उरतेच.

रोजचा गोषवारा एकदा वाचून बाजूला ठेवायचा नसतो. वाचक आजचा गोषवारा कालच्याशी आणि गेल्या महिन्यातल्याशी ताडून पाहत असतो. म्हणून त्यातल्या शब्दांकडून लालित्यापेक्षा मापाची अपेक्षा ठेवावी लागते. सोमवारी ज्या हालचालीला ‘उसळी’ म्हटले, तेवढ्याच हालचालीला गुरुवारी ‘तेजी’ आणि पुढच्या आठवड्यात ‘भरारी’ म्हटले, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. चार शब्द पक्के केले तर यातला बराचसा गोंधळ मिटतो, असे माझे मत आहे. हे चार शब्द कसे पक्के करावेत ते या पाच दिवसांच्याच आधाराने पाहू.

पहिला शब्द निर्देशांक. हा मराठीत पूर्वीच रुजला आहे, तेव्हा नवा शब्द शोधण्याचे कारण नाही. हिंदी बातमीवरून मराठी करताना ‘सूचकांक’ घुसतो, तो टाळला की झाले. खरी अडचण निर्देशांकाभोवतीच्या शब्दांत आहे. सेन्सेक्स ३० कंपन्यांचा आणि निफ्टी ५० कंपन्यांचा. मुंबई शेअर बाजारात हजारो कंपन्यांची नोंद आहे, त्यामुळे सेन्सेक्स म्हणजे सगळा बाजार नव्हे. एखाद्या दिवशी मोठ्या बँकांचे समभाग वधारल्यामुळे सेन्सेक्स वर जातो आणि बहुसंख्य लहान कंपन्यांचे भाव उतरलेले असतात. अशा वेळी ‘बाजार वधारला’ हे वाक्य खोटे ठरते. ‘सेन्सेक्स वधारला, पण व्यापक बाजारात घसरण’ असे लिहिले तर चित्र खरे राहते.

दुसरी बाब लिंगाची. इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, मराठीत मात्र त्यावाचून क्रियापदच चालत नाही. निफ्टी घसरला की घसरली? शेवट ईकारान्त असल्यामुळे अनेकांच्या तोंडी ती स्त्रीलिंगी होते. पण निफ्टी हे एका निर्देशांकाचे नाव आहे आणि निर्देशांक पुल्लिंगी आहे. सेन्सेक्सही ‘तो’च आहे. म्हणून ‘निफ्टी घसरला’ हेच कायम ठेवावे. एकाच बातमीत वर ‘घसरला’ आणि खाली ‘सावरली’ असे आले तर दोन वेगळ्या गोष्टींबद्दल वाचतो आहोत असे वाटू लागते.

तिसरी बाब मोजण्याच्या एककाची. मराठी वृत्तपत्रांत ‘अंश’ रूढ आहे, कुठे ‘गुण’, कुठे ‘अंक’. मी ‘अंश’ धरतो. परंतु एकक कुठलेही घेतले तरी ते एकटे काहीच सांगत नाही. सेन्सेक्सचे मोजमाप १९७८-७९ या वर्षी १०० धरून सुरू होते, निफ्टीचे ३ नोव्हेंबर १९९५ या दिवशी १,००० धरून. पाया वेगळा असल्यामुळे आकडे वेगळे दिसतात. ४ जूनला सेन्सेक्स ४,३९० अंशांनी उतरला आणि निफ्टी १,३७९ अंशांनी. नुसते अंश वाचणाऱ्याला वाटेल की सेन्सेक्सची अवस्था तिपटीने वाईट झाली. प्रत्यक्षात सेन्सेक्सची घसरण ५.७४ टक्के होती आणि निफ्टीची ५.९३ टक्के, म्हणजे निफ्टीलाच किंचित जास्त फटका बसला. काळ बदलला की हा फसवेपणा आणखी वाढतो. रोखे घोटाळा उघडकीस आल्यानंतर, २८ एप्रिल १९९२ या दिवशी, सेन्सेक्स ५७० अंशांनी कोसळला होता. तेव्हा ती जवळजवळ १३ टक्क्यांची घसरण होती. सेन्सेक्स ७२,००० वर असताना तेवढेच ५७० अंश म्हणजे पाऊण टक्क्याच्या थोडे वर. म्हणून अनुवादात टक्के आधी आणि अंश नंतर, हा क्रम इंग्रजी मूळात उलटा असला तरी बदलून घ्यावा. क्रियापदही टक्क्यांवरून ठरवावे. एक टक्क्याच्या आतल्या हालचालीला ‘वधारला’ किंवा ‘घसरला’ पुरे. ‘उसळला’ आणि ‘कोसळला’ हे शब्द तीन टक्क्यांपलीकडच्या दिवसांसाठी राखून ठेवले, तर वाचकाला आकडा न पाहताही दिवसाचा अंदाज येतो. तीन टक्के ही सीमा माझी आहे. दुसऱ्या कुणी अडीच धरली तरी हरकत नाही, मात्र एकदा धरलेली सीमा रोज पाळली पाहिजे.

‘बंद झाला’ या साध्या शब्दांबद्दलही एक खबरदारी घ्यावी लागते. समभागाचा बंद भाव म्हणजे साडेतीनच्या ठोक्याला झालेला शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी काढून तो ठरतो. त्यामुळे साडेतीनला आलेल्या पहिल्या गोषवाऱ्यातला निर्देशांक आणि थोड्या वेळाने आलेला अंतिम आकडा यांत फरक पडतो. पहिल्या मजकुरावरून केलेला अनुवाद अंतिम आकड्याशी पडताळल्याशिवाय छापू नये.

आता तेजी. इंग्रजीतला रॅली हा शब्द फार सैल आहे. एका दिवसाच्या उडीलाही तो चालतो, सहा महिन्यांच्या चढालाही, आणि एकट्या समभागालाही. मराठीत तो जसाच्या तसा घेता येत नाही, कारण आपल्याकडे ‘रॅली’चे काम मिरवणुकीने आधीच अडवून ठेवले आहे. ‘तेजी’ हा शब्द मात्र बाजाराच्या रक्तातला आहे, इतका की तो भारताच्या कायद्यातही जाऊन बसला. १९५६ च्या रोखे करार (नियमन) कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना, कॉल आणि पुट यांच्या जोडीने तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे शब्द रोमन लिपीत थेट घातलेले आहेत. जुन्या मुंबईच्या बाजारात ‘तेजी लावणे’ म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी करण्याचा हक्क विकत घेणे. तो अर्थ आज व्यवहारातून गेला, पण वर जाण्याच्या अपेक्षेचा त्याचा रोख तसाच राहिला.

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवतो. एका दिवसाची मोठी वाढ ती उसळी. अनेक सत्रे टिकलेला, आठवड्यांत मोजावा लागणारा चढ ती तेजी. ३ जूनचा ३.३९ टक्क्यांचा दिवस उसळीचा. ५ जूनचा ३.२० टक्क्यांचा दिवसही उसळीचाच, कारण एका दिवसात तेजी जन्मत नाही. इंग्रजी गोषवाऱ्यात ५ जूनसारख्या दिवसाला सुटकेच्या भावनेतून आलेली रॅली म्हणायची पद्धत आहे. त्याचे ‘दिलासादायक तेजी’ केले तर वाचक खरेदीला निघेल. ‘घसरणीनंतरची उसळी’ म्हटले तर त्याला कळते की हा आधीच्या पडझडीचाच पुढचा भाग आहे.

याच ठिकाणी टक्क्यांचा एक गणिती सापळा आहे. मंगळवारी ५.७४ टक्के गेले आणि बुधवारी ३.२० टक्के आले, तेव्हा ‘निम्म्याहून अधिक नुकसान भरून निघाले’ असे लिहिले जाते. अंशांत पाहिले तर ते बरोबर आहे: ४,३९० पैकी २,३०३, म्हणजे ५२ टक्के. परंतु ५.७४ टक्के पडलेल्या निर्देशांकाला पूर्वपदावर यायला ५.७४ नव्हे, ६.०९ टक्के चढावे लागते, कारण आता पायाच लहान झालेला असतो. बुधवारी सेन्सेक्स ७४,३८२ वर बंद झाला, सोमवारच्या पातळीपेक्षा दोन हजारांहून अधिक अंश खाली. अशा दिवसासाठी ‘सावरला’ योग्य, ‘भरून काढले’ अयोग्य. ‘भरून काढले’ लिहिण्याचा दिवस शुक्रवार, ७ जून. त्या दिवशी सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला.

चारांतला सर्वांत अवघड शब्द करेक्शन. इंग्रजीतही हा शब्द थोडा लबाड आहे. भाव वाजवीपेक्षा फुगले होते आणि आता ते योग्य जागी येत आहेत, असा निवाडा त्याच्या पोटात आहे. म्हणून पडझडीचे नावही सौम्य होते. त्याचे ‘सुधारणा’ केले की अर्थ पार उलटतो, कारण मराठीत प्रकृतीत, रस्त्यांत, निकालात सुधारणा होते, आणि ती नेहमी वरच्या दिशेने असते. ‘दुरुस्ती’ने ऐकणाऱ्याला बाजार बंद ठेवून काहीतरी नीट करत आहेत असे वाटते. ‘समायोजन’ हिशेबाच्या वहीतून आल्यासारखे कोरडे, आणि त्यातून दिशाच कळत नाही.

बाजारातले लोक काय म्हणतात? मराठी गुंतवणूकदार आणि दलाल ‘करेक्शन आलंय’ असेच म्हणतात. तोच शब्द देवनागरीत ठेवावा, मात्र त्याला मापाची वेसण घालावी. जगभरच्या बाजारांत रूढ संकेत असा की अलीकडच्या शिखरापासून निर्देशांक १० टक्के किंवा त्याहून अधिक उतरला की करेक्शन, आणि २० टक्क्यांपलीकडे गेला की मंदीचा बाजार. हा कायदा नव्हे, संकेत आहे. पण रोजच्या लेखनाला तो पुरतो. त्यानुसार ४ जून २०२४ ची पडझड हे करेक्शन नव्हते. एका दिवसात ५.७४ टक्के गेले, पण शिखरापासूनचे अंतरही तेवढेच होते, आणि तीन दिवसांत ते मिटले. ती मोठी घसरण होती, एवढेच म्हणावे.

खरे करेक्शन त्याच वर्षाच्या शेवटी आले आणि ते ओळखायला अधिक लक्ष लागले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी निफ्टी २६,२१६ या विक्रमी पातळीवर बंद झाला. तिथून तो थोडा थोडा उतरत राहिला आणि १३ नोव्हेंबरला शिखरापासूनची घसरण १० टक्क्यांपलीकडे गेली. त्या दिवशीच्या गोषवाऱ्यात ‘निफ्टी शिखरापासून १० टक्क्यांहून अधिक खाली, करेक्शनच्या टप्प्यात’ हे वाक्य यायला हवे, मग दिवसाची घसरण कितीही असो. मधे थोडा सावरून तो पुन्हा खाली गेला, आणि ४ मार्च २०२५ पर्यंत सलग दहा सत्रे घसरत २२,०८३ वर पोहोचला. शिखरापासून जवळजवळ १६ टक्के. या दहा दिवसांत ४ जूनसारखा एकही दिवस नव्हता, ‘कोसळला’ म्हणावे असे मथळे मिळाले नाहीत. नुसते रोजचे क्रियापद वाचणाऱ्याला वाटले असेल की फारसे काही घडत नाही. म्हणूनच गोषवाऱ्यात दिवसाच्या घसरणीशेजारी शिखरापासूनचे अंतर देण्याची सवय हवी. हा आकडा इंग्रजी मूळात नसला तरी अनुवादकाने तो काढून घालावा. एका वजाबाकीचे आणि एका भागाकाराचे काम आहे.

२० टक्क्यांपलीकडच्या घसरणीला मराठीत ‘मंदी’ म्हणायला जीभ आतुर असते, आणि इथे दुसरा खड्डा आहे. इंग्रजीत बाजाराच्या मंदीला आणि अर्थव्यवस्थेच्या मंदीला दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. २०२० मध्ये याचा अनुभव आला. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात १३ टक्के कोसळून ७,६१० वर आला, जानेवारीतल्या शिखराहून ३८ टक्के खाली. ही बाजारातली मंदी. पुढे बाजार सावरला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये निफ्टीने पहिल्यांदाच १३,००० ओलांडले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारी आकडे आले: अर्थव्यवस्था सलग दुसऱ्या तिमाहीत आक्रसली होती, म्हणजे तांत्रिक व्याख्येने देश मंदीत होता. एकाच आठवड्याच्या अंकात, एका पानावर निफ्टीचा उच्चांक आणि दुसऱ्या पानावर मंदी. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. वाचकाची ओढाताण टाळायची तर अर्थव्यवस्थेसाठी प्रत्येक वेळी ‘आर्थिक मंदी’ आणि शेअर बाजारासाठी ‘मंदीचा बाजार’, असे जोडशब्दच वापरावेत. एकटा ‘मंदी’ शब्द बाजाराच्या गोषवाऱ्यात येऊ देऊ नये.

राहिला चौथा शब्द, भाव किती हिंदकळतात त्याचा. ‘अस्थिरता’ सर्रास छापली जाते. तिच्यावर माझा आक्षेप दोन कारणांनी आहे. एक वर आलेच: राजकीय बातमीच्या शेजारी ती बाजाराची राहत नाही. दुसरे असे की अस्थिरता ऐकली की पडझड वाटते. मूळ कल्पनेत मात्र दिशा नाही. ३ जूनला निर्देशांक तीन टक्क्यांहून अधिक वर गेला, ५ जूनलाही गेला, ४ जूनला जवळजवळ सहा टक्के खाली आला. तिन्ही दिवस सारख्याच अर्थाने हिंदकळणारे होते. ‘चढ-उतार’ या जुन्या शब्दात दोन्ही दिशा आहेत, निवाडा नाही, आणि कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ‘दिवसभर तीव्र चढ-उतार’ एवढे म्हटले की पुरे.

फक्त एका ठिकाणी काळजी घ्यावी लागते. राष्ट्रीय शेअर बाजाराचा इंडिया व्हीआयएक्स नावाचा निर्देशांक झालेले चढ-उतार मोजत नाही. निफ्टीच्या ऑप्शनचे भाव पाहून, पुढच्या ३० दिवसांत किती चढ-उतार होतील असे बाजाराला वाटते, ते तो वार्षिक टक्क्यांत सांगतो. ४ जूनला तो २१ वरून २७ च्या जवळ गेला. २७ चा अर्थ बाजार २७ टक्के पडेल असा नव्हे. वर्षाचे महिन्यावर आणण्यासाठी बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने भागायचे: ७.८ टक्के येतात. येत्या महिन्यात निफ्टी साधारण एवढा वर किंवा खाली हलू शकतो, अशी ती अपेक्षा. इंग्रजी गोषवारा ‘व्हीआयएक्स इतके टक्के वाढला’ असे लिहितो आणि टक्क्यांचे टक्के होऊन बसतात. मराठीत ‘२१ वरून २७ वर’ असे थेट लिहावे, आणि पहिल्या उल्लेखात ‘अपेक्षित चढ-उतार दाखवणारा इंडिया व्हीआयएक्स’ म्हणावे. दुसऱ्याच दिवशी तो १९ च्या आसपास उतरला. निकाल लागला, अनिश्चितता संपली, अपेक्षा शमली.

या चार शब्दांच्या जोडीला एक वाक्प्रचार मात्र काढून टाकायला हवा: ‘गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी रुपये बुडाले’. ४ जूनला मुंबई शेअर बाजारातल्या कंपन्यांचे एकूण बाजारमूल्य ३१ लाख कोटींहून अधिक घटले, हे खरे. पण पतसंस्था बुडते तेव्हा ठेव बुडते, तसे इथे काही बुडाले नाही. ज्यांनी त्या दिवशी विकले त्यांनाच तो तोटा प्रत्यक्ष झाला. बाकीच्यांच्या समभागांची किंमत कागदावर कमी झाली आणि शुक्रवारपर्यंत बरीचशी परत आली. ‘बाजारमूल्य घटले’ म्हटल्याने मथळा मवाळ होतो, हे मान्य आहे. पण महिन्याला दोन हजारांची एसआयपी भरणाऱ्या वाचकाने ‘बुडाले’ वाचून ती बंद केली, तर त्या मथळ्याची किंमत तो पुढे कित्येक वर्षे मोजतो.

या नेमांनी ४ जूनचा गोषवारा असा होईल: ‘लोकसभा निकालांच्या पार्श्वभूमीवर निफ्टी मंगळवारी ५.९३ टक्के (१,३७९ अंश) कोसळून २१,८८५ वर बंद झाला. सेन्सेक्स ५.७४ टक्क्यांनी (४,३९० अंश) कोसळून ७२,०७९ वर आला. दिवसभरातील नीचांक ७०,२३४ होता. सोमवारच्या विक्रमी उसळीत मिळवलेले सगळे अंश दोन्ही निर्देशांकांनी गमावले. दिवसभर तीव्र चढ-उतार झाले आणि अपेक्षित चढ-उतार दाखवणारा इंडिया व्हीआयएक्स २१ वरून २७ च्या जवळ पोहोचला. शिखरापासूनची घसरण करेक्शनच्या १० टक्क्यांच्या पातळीपेक्षा कमी आहे.’

शेवटचे वाक्य इंग्रजी गोषवाऱ्यात सहसा नसते. अनुवादात भर घालू नये असा आग्रह धरणारे संपादक ते कापतील. मी ते ठेवीन, कारण त्या संध्याकाळी घाबरलेल्या वाचकाला सर्वांत जास्त उपयोग त्याच वाक्याचा होता.